ट्रिगर फिंगर, मनगटाची अंगठ्याकडची बाजू आणि इंजेक्शन : औषध नेमके कुठे पोहोचते?

स्नेहांकिता

नमस्कार. आमच्या घरात सध्या दोन हात दुखत आहेत आणि दोन्हींवर एकाच डॉक्टरांनी एकच औषध टोचले. एक हात बरा झाला, दुसरा झाला नाही. असे का झाले असावे, हे समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

सासूबाईंचे वय ६३, मधुमेह बराच जुना आहे. त्यांच्या उजव्या हाताची अनामिका सकाळी मुडपलेली राहायची आणि दुसऱ्या हाताने ओढली की 'खट्' आवाज होऊन सरळ व्हायची. डॉक्टरांनी ट्रिगर फिंगर सांगून तळहातात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले आणि पंधरवड्यात बोट मोकळे झाले.

माझे बाळ सात महिन्यांचे आहे. त्याला काखेत हात घालून उचलताना माझ्या डाव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला, जीव जाईल अशी कळ येते. निदान डी क्वेरवेन असे झाले. इंजेक्शननंतर अंगठ्याची पाठ तास-दीड तास बधिर होती, परंतु त्याच दुपारी बाळाला उचलले तर कळ होती तशीच होती. पुढेही फारसा फरक पडला नाही आणि आता शस्त्रक्रिया सुचवली आहे. एकच औषध असून सासूबाईंना गुण आला आणि मला आला नाही, हे कसे?

बोरीबंदर

दोन्ही आजारांत टेंडनला, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला, सूज येते आणि ते अरुंद जागेत अडकते, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असे माझे वाचन सांगते. मात्र सासूबाईंचे बोट मधल्या पेरात अडकत होते ना? मग दोष त्या सांध्यात असणार आणि इंजेक्शन तिथेच द्यायला हवे होते. तळहातात देऊन गुण आला हा योगायोग वाटतो. शिवाय स्टेरॉइडने टेंडन कुजते, हे ध्यानात ठेवून दुसरे इंजेक्शन मुळीच घेऊ नये. आजकाल हे सगळे मोबाइलमुळे होते, तो कमी करावा.

करतल

मी हाताच्या शस्त्रक्रिया बरीच वर्षे करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बोरीबंदर, अरुंद जागेचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, सांध्याचा नाही. बोट मिटवणारी दोन टेंडन तळहातातून बोटात शिरतात, तेव्हा ती हाडाला चिकटून राहावीत म्हणून वाटेत तंतूंच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही पुली म्हणतो. लेंग्याच्या नेफ्यातून नाडी जावी तशी टेंडन त्यांतून सरकतात, आणि नाडीला गाठ पडली की ती नेफ्याच्या तोंडाशीच अडते. हे तोंड म्हणजे पहिली पुली, ए-वन. ती बोटाच्या मुळाशी, तळहातात असते. अडथळा तिथे असतो, पण टेंडन अडले की वाकलेला राहतो तो मधला सांधा. म्हणून रुग्ण बोट दाखवतो मधल्या पेराकडे आणि डॉक्टर दाबून पाहतात तळहात. तिथे बोटाखाली एक बारीक गाठ लागते आणि रुग्णाने बोट हलवले की ती मागेपुढे सरकते. सासूबाईंना इंजेक्शन योग्य जागी मिळाले आहे.

स्नेहांकिताताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तुमच्याच एका वाक्यात आहे. त्वचा बधिर झाली, पण उचलतानाची कळ तशीच राहिली, असे तुम्ही लिहिले आहे. त्या इंजेक्शनात स्टेरॉइडबरोबर लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध असते. ते दुखऱ्या कप्प्यात पोहोचले असते तर दहा-पंधरा मिनिटांत कळ निदान तासाभरासाठी तरी गेली असती. त्वचा बधिर होण्याचा अर्थ इतकाच, की औषध वरवरच्या संवेदनाशिरेभोवती, म्हणजे स्पर्श कळवणाऱ्या मज्जातंतूभोवती, पसरले. म्हणजे एक तर ते कप्प्यात गेलेच नाही, किंवा शेजारच्या कप्प्यात गेले, किंवा दुखणे निराळेच आहे.

शेजारचा कप्पा म्हणजे काय, तेही सांगतो. मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या उंचवट्यावरून दोन टेंडन एका बोगद्यातून जातात. एक जाड, अंगठा बाहेर नेणारे. दुसरे बारीक, अंगठा सरळ करणारे. शस्त्रक्रियेच्या टिपणात त्यांची नावे एपीएल आणि ईपीबी अशी लिहिलेली दिसतील. पुस्तकातल्या चित्रात दोन्ही एकाच बोगद्यात असतात, पण प्रत्यक्षात पुष्कळ लोकांच्या बोगद्यात मध्ये एक पडदा असतो आणि बारीक टेंडन स्वतंत्र खोलीत राहते. ज्यांचे दुखणे इंजेक्शनला दाद देत नाही, त्यांच्यात हा पडदा अधिक आढळतो. औषध मोठ्या खोलीत पडले तर पडद्यापलीकडच्या टेंडनला त्याचा उपयोग होत नाही.

ट्रिगर फिंगरमध्ये असा पडदा नसतो. तिथे औषध आवरणाच्या आत न जाता अगदी लगत पडले तरी बहुतेकदा काम होते, हे अभ्यासांतही दिसले आहे. सासूबाईंच्या आणि तुमच्या इंजेक्शनमधला मुख्य फरक मला हा वाटतो.

घाटवाट

माझ्याही बोटांना रात्री मुंग्या येतात, हात झटकला की बरे वाटते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट जास्त बधिर होते. तळहातातल्या पुलीवर इंजेक्शन घेतले तर चालेल का?

नीलमोहर

घाटवाट, तुम्ही सांगता त्यात बोट अडकत नाही, बधिर होते. हा शीर दाबली जाण्याचा प्रकार वाटतो, मनगटाच्या मध्यभागी, तळहाताच्या बाजूने. त्यावर पुलीच्या इंजेक्शनचा उपयोग होणार नाही. कृपया तपासून घ्या, आणि त्यासाठी वेगळा धागा काढलात तर इथला विषय विस्कटणार नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्नेहांकिता, निदान झाले ते कोणत्या चाचणीवर? अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला लावले असेल, तर त्या चाचणीत निरोगी माणसालाही ओढ बसून दुखू शकते. लोक तिला फिंकेलस्टाइनची चाचणी म्हणतात, पण ती खरे तर आयकॉफची. फिंकेलस्टाइन यांनी १९३० साली लिहिलेल्या पद्धतीत तपासणारा स्वतः रुग्णाचा अंगठा धरून हात करंगळीकडे नेतो.

दुसरे असे, की अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज आणि हाताच्या पाठीवर, मनगटाच्या चार बोटे वर होणारी सूज, या दोन्हींचा डी क्वेरवेनशी गोंधळ होतो. सर्वांत दुखरी जागा नेमकी कुठे आहे?

स्नेहांकिता

चाचणी मुठीचीच केली होती. दुखरी जागा मनगटावरच्या त्या टणक उंचवट्यावर आहे, तिथे बोट ठेवले तरी नको होते. अंगठ्याच्या मुळाशी दाबले तर काही होत नाही आणि वरच्या बाजूला हाताच्या पाठीवरही दुखत नाही.

करतल

मग निदान योग्य असण्याची शक्यता जास्त आहे. आता घरी एक गोष्ट करून पाहा. हात करंगळीच्या कडेवर टेबलावर ठेवा. दुसऱ्या हाताचे बोट अंगठ्याच्या पाठीवर, मुळाकडच्या पेरावर ठेवून हलका विरोध करा आणि अंगठा मागे, सरळ करण्याचा प्रयत्न करा. नंतर अंगठा तळहातापासून समोर, बाहेर नेताना तसाच विरोध करा. पहिल्यात बारीक टेंडन काम करते, दुसऱ्यात जाड. पहिल्यात स्पष्टपणे जास्त कळ आली तर ते वेगळ्या खोलीत अडकले असल्याचा संशय बळावतो. ही खात्री नव्हे. खात्रीसाठी हाताची सवय असलेल्या रेडिओलॉजिस्टकडून सोनोग्राफी करून घ्यावी. तीत पडदा दिसू शकतो आणि कोणत्या टेंडनभोवती सूज आहे तेही कळते.

पाटावरवंटा

मला दोन वर्षांपूर्वी मनगटावर इंजेक्शन मिळाले. दुखणे गेले, पण तिथे रुपयाएवढा पांढरा डाग पडला आणि कातडी आत बसली. कोड फुटले असे समजून घरी रडारड झाली. हे आधी कोणी सांगितले नव्हते. डॉक्टरांनी जास्त औषध दिले असेल का?

करतल

जास्त दिले असेलच असे नाही. मनगटाच्या त्या भागात त्वचेखाली चरबी अगदी कमी असते, आणि औषध कप्प्याबाहेर त्वचेखाली पडले की रंग उतरतो व चरबी झिजते. सावळ्या त्वचेवर ते उठून दिसते. बहुतेकांत काही महिन्यांत रंग परततो, काहींत पूर्ण परतत नाही. ट्रायअॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड कमी विरघळते, त्यामुळे हा त्रास त्याने अधिक होतो. म्हणून मनगटावर मी जास्त विरघळणारे स्टेरॉइड पसंत करतो. माझे काही सहकारी ट्रायअॅम्सिनोलोनच वापरतात आणि त्यांचे रुग्णही बरे होतात. मात्र सुई टोचण्यापूर्वी डागाची कल्पना देणे आवश्यक आहे, याबाबत दुमत असू नये.

इंजेक्शन कसे देतात, हे माहीत असले तर आपल्या बाबतीत काय घडले याचा अंदाज बांधता येतो. बोटासाठी तळहात वर करून २५ किंवा २६ गेजची बारीक सुई बोटाच्या मुळाशी, मध्यरेषेवर घालतात. करंगळी व अनामिकेसाठी तळहातावरची बोटांकडची आडवी रेषा ही खूण, तर्जनीसाठी तिच्या अलीकडची. सुई टेंडनमध्ये घुसली आहे का, हे पाहण्यासाठी रुग्णाला बोटाचे टोक जरा हलवायला सांगावे. सुई बोटाबरोबर डोलली, तर ती टेंडनमध्ये आहे. मग डोलणे थांबेपर्यंत ती किंचित मागे घ्यावी. औषध सोडताना जोर लावावा लागत असेल तर तिथे सोडू नये. टेंडनच्या आत दाबून औषध घातले तर इजा होऊ शकते. बोरीबंदर यांनी लिहिलेल्या कुजण्यामागे तथ्य असेल तर ते हे. योग्य ठिकाणी औषध सहज सरकते. मात्रा मोठी नसते. ट्रायअॅम्सिनोलोनचे १० ते २० मिलिग्रॅम आणि त्यात थोडे लिग्नोकेन, सगळे मिळून एक मिलिलिटरच्या आसपास.

मनगटावर सुई टेंडनच्या दिशेने तिरपी घालतात. औषध कप्प्यात गेले तर त्वचेखाली लांबट फुगवटा कोपराच्या दिशेने सरकताना दिसतो. एकाच जागी गोल फुगा आला, तर औषध त्वचेखाली राहिले असे समजावे.

शिंपीदादा

मी शिवणकाम करतो. कात्री धरून धरून उजवा अंगठा अडकायला लागला. एका शिबिरात कापाकापी न करता जाड सुईने आतल्या आत पुली मोकळी करून दिली. खट् आवाज गेला, पण तेव्हापासून अंगठ्याची तर्जनीच्या विरुद्ध बाजूची कड बधिर आहे. सुई धरताना कळत नाही. हे बरे होईल का?

करतल

दादा, हातात घेऊन न तपासता नक्की सांगता येणार नाही, पण जागा पाहता त्या बाजूची संवेदनाशीर दुखावली असावी असा संशय येतो. इतर बोटांत दोन्ही शिरा पुलीच्या दोन बाजूंनी सरळ जातात. अंगठ्यात बाहेरच्या बाजूची शीर पुलीच्या तोंडाशी तिरपी आडवी येते, अगदी त्वचेखाली. जाड सुईने न बघता पुली कापण्याची पद्धत मधल्या बोटात आणि अनामिकेत अनेक जण सुरक्षितपणे करतात. अंगठा आणि तर्जनी यांत मात्र मी ती टाळतो. शीर नुसती चेपली असेल तर काही महिन्यांत संवेदना हळूहळू परतते. बधिर भागाच्या सीमेवर बोटाने टिचकी मारून विजेसारखी झिणझिण कुठे लागते ते पाहावे. महिन्यागणिक ती जागा टोकाकडे सरकत असेल तर शीर भरते आहे. तसे होत नसेल तर वेळ न दवडता हातशल्यचिकित्सकांना दाखवा, कारण कापली गेलेली शीर जितक्या लवकर जोडली जाईल तितके बरे.

नीलमोहर

स्प्लिंटबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. बोटासाठी मुळाचा सांधा जवळजवळ सरळ धरणारा छोटा स्प्लिंट सहा आठवडे वापरल्यावर अनेकांचे अडकणे कमी झालेले मी पाहिले आहे, विशेषतः दुखणे नवे असताना. मनगटासाठी अंगठ्याचे मूळ आणि मनगट धरणारा, पण अंगठ्याचे टोक मोकळे ठेवणारा स्प्लिंट द्यावा. बाळाला काखेत बोटे पसरून उचलण्याऐवजी तळवे वर करून एक हात त्याच्या बुडाखाली आणि दुसरा पाठीखाली घालून उचलायचे. इतक्याने काही जणींचे काम भागते.

करतल

बोटाच्या स्प्लिंटबाबत सहमत आहे. मनगटाबाबत माझा अनुभव एवढा आशादायक नाही. तान्हे बाळ घरात असताना आई स्प्लिंट काढून ठेवते, आणि ते स्वाभाविकही आहे. बाळंतपणानंतरचे हे दुखणे पुष्कळदा बाळ मोठे होईल तसे आपोआप ओसरते, म्हणून श्रेय नेमके कशाला द्यायचे हे मलाही ठरवता येत नाही.

स्नेहांकिता

बराच खंड पडला, क्षमस्व. करतल यांनी सांगितलेली घरची चाचणी केली तेव्हा पहिल्या प्रकारात ओरडलेच, दुसऱ्यात फक्त दुखले. सोनोग्राफीत पडदा दिसला आणि बारीक टेंडनभोवती आवरण जाड होऊन पाणी साचले आहे असे अहवालात आले. मी स्तनपान देते हे सांगून दुसरे इंजेक्शन सोनोग्राफीच्या स्क्रीनवर सुई बघत बारीक टेंडनच्या खोलीत घेतले. दहा मिनिटांनी डॉक्टरांनी अंगठा वाकवून पाहिला तेव्हा कळ नव्हती. नंतर आठवडाभर दुखले आणि मग उतरत गेले. आता पहाटे एखादी चमक येते, पण बाळ उचलता येते. शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली आहे.

सासूबाईंकडे मात्र गाडी उलटी फिरली. इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी त्यांची उपाशीपोटीची साखर १४० वरून २३० वर गेली होती आणि पाचव्या दिवशी पूर्ववत झाली, तेव्हा आम्ही घाबरलो होतो. चार महिने बोट छान होते, आता अनामिका पुन्हा अडकते आणि मधले बोटही कुरकुर करते. पुन्हा इंजेक्शन द्यावे की मोकळे करून घ्यावे?

बोरीबंदर

करतल यांचे म्हणणे पटले, सांध्याबद्दलचे माझे विधान मागे घेतो. पण मधुमेहात पुन्हा स्टेरॉइड नको, हे तरी बरोबर आहे ना?

करतल

पूर्णपणे नाही. साखर काही दिवस चढते. त्या दिवसांत रोज मोजावी आणि गोळ्या किंवा इन्सुलिन यांबाबत आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. मधुमेहात एकाच वेळी अनेक बोटे धरतात आणि इंजेक्शनचा गुण कमी टिकतो, हेही खरे आहे. मी एका बोटात सहसा दोनपेक्षा जास्त इंजेक्शने देत नाही. काही जण तीन देतात, काही मधुमेहींना थेट शस्त्रक्रियाच सांगतात. सर्वांना लागू होईल असे एकच उत्तर माझ्याकडे नाही. सासूबाईंची तीन महिन्यांची सरासरी साखर फार वाढलेली असेल तर शस्त्रक्रियेत जखम चिघळण्याचा धोका वाढतो, त्यामुळे ती आधी आटोक्यात आणावी. तोवर मधल्या बोटाला स्प्लिंट लावून पाहता येईल.

अनामिका मोकळी करायची ठरली तर ते काम लहान असते. अॅड्रिनॅलिन मिसळलेल्या लिग्नोकेनने फक्त तळहाताचा तेवढा भाग बधिर करतात, रक्तस्राव कमी होतो आणि दंडाला पट्टा आवळावा लागत नाही. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा छेद घेऊन दोन्ही बाजूंच्या शिरा बाजूला सारतात आणि पहिली पुली डोळ्यांदेखत पूर्ण कापतात. पुढची दुसरी पुली शाबूत ठेवायची असते. ती गेली तर टेंडन हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखे वर उचलले जाते आणि मूठ कमकुवत होते. रुग्ण जागा असल्याचा फायदा असा, की तिथेच त्याला मूठ उघड-मीट करायला सांगता येते. तरीही अडकत असेल तर पहिल्या पुलीच्या मागची पट्टी राहिली का, की टेंडनची गाठच मोठी आहे, हे शोधता येते. संधिवाताच्या रुग्णांत मात्र असे सरसकट कापत नाहीत, कारण बोटे करंगळीकडे झुकण्याला त्याने हातभार लागतो. तिथे सुजलेले अस्तर काढतात.

ताई, तुमच्या मनगटाला पुढे कधी शस्त्रक्रिया लागलीच तर सोनोग्राफीचा तो अहवाल जपून ठेवा. जाड टेंडनचे अनेकदा दोन-तीन पदर असतात. बोगदा उघडल्यावर एकाहून अधिक दोऱ्या दिसतात आणि दोन्ही टेंडन मोकळी झाली असा समज होऊन पडद्यामागची खोली तशीच राहते. म्हणून प्रत्येक दोरी हलकेच ओढून पाहावी लागते. अंगठ्याचा मधला सांधा सरळ झाला तर ती बारीक टेंडनची. नुसते मूळ हलले तर नाही. छताचा छेद हाताच्या पाठीकडच्या कडेने घेतात, म्हणजे तळहाताकडचा भाग राहून टेंडन पुढे घसरत नाहीत. त्वचेखालच्या संवेदनाशिरेच्या फांद्या जपणे हे तिथले सर्वांत नाजूक काम. त्या ताणल्या तरी पुढे महिनोन्महिने कपड्याचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही.

पाटावरवंटा

सासूबाईंचे बोट मोकळे केल्यावर लगेच सरळ होईल का? माझ्या जावेचे आवाज जाऊनही थोडे वाकडेच राहिले.

करतल

तुमच्या जावेचे बोट बराच काळ वाकलेले राहिले असावे. मधला सांधा महिनोन्महिने मुडपलेला राहिला की त्याची पुढची बाजू आकसते आणि पुली कापल्यावरही तो पूर्ण उघडत नाही. सासूबाईंचे बोट दुसऱ्या हाताने अजून पूर्ण सरळ होते का, ते आज पाहून घ्या. होत असेल तर साखर आटोक्यात आणण्यासाठी दीड-दोन महिने थांबता येईल. होत नसेल तर इतके थांबू नये.

स्नेहांकिता

आत्ताच पाहिले. मधले बोट पूर्ण सरळ होते. अनामिका ओढल्यावर खट् होऊन सुटते, पण शेवटचे थोडे राहते आणि तिथे त्यांना दुखते. सोमवारची वेळ घेतली आहे.

शिंपीदादा

मी टिचकी मारून पाहिली. झिणझिण अंगठ्याच्या मुळाशीच लागते, पुढे काही नाही. आजच पहिल्यांदा पाहिली, आता खूण करून ठेवतो. महिनाभर थांबू का?

करतल

दादा, शिबिर होऊन किती काळ गेला ते लिहिलेले नाही. तीन महिने उलटले असतील तर थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. अलीकडचे असेल तर खूण ठेवायला हरकत नाही, पण तपासणी तरीही आत्ताच करून घ्या.